ॲप -५८ दाखवतं, तरी कॉल अडकतो: डीबीएम आणि एसएनआर नीट कसे वाचायचे

प्रश्न: "वाय-फाय ॲनालायझर ॲप अभ्यासाच्या खोलीत -५८ डीबीएम आणि एसएनआर ३७ दाखवतं, पट्टी हिरवी. तरी व्हिडिओ कॉल सारखा अडकतो. बाहेरच्या खोलीत -६७ आणि २८, पट्टी पिवळी, पण तिथे कॉल मस्त चालतो. राउटर एकच, नेटवर्कचं नाव एकच, फोन अँड्रॉइड. नेमका कोणता आकडा खरा मानायचा?"

उत्तर:

-५८ आणि -६७ हे दोन्ही आकडे खरे आहेत, पण बहुधा ते एकाच गोष्टीचे नाहीत. ३७ आणि २८ हे एसएनआरचे, म्हणजे सिग्नल नॉइजच्या किती वर आहे ते सांगणारे आकडे; ते मात्र मोजलेले नाहीत, ॲपने केलेली वजाबाकी आहे. तुमच्याच आकड्यांत ते दिसतं. ५८ आणि ३७ मिळवा, ९५ येतात. ६७ आणि २८ मिळवा, पुन्हा ९५. दोन वेगळ्या खोल्यांत नॉइज अगदी तंतोतंत -९५ असणं फार अवघड आहे. ॲपने नॉइज -९५ असं धरून टाकलं आहे आणि ते सिग्नलमधून वजा करून एसएनआर छापला आहे.

यात ॲप बनवणाऱ्यांची लबाडी नाही. अँड्रॉइड साध्या ॲपला सिग्नलची ताकद देतं, फ्रिक्वेन्सी देतं, लिंक स्पीड देतं, पण नॉइजचा आकडा देत नाही. मग एसएनआर दाखवायचाच म्हटलं की एखादा नेहमीचा आकडा धरावा लागतो. -९५ हा तसा वाजवी अंदाज आहे. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये निव्वळ उष्णतेमुळे असणारा नॉइज साधारण -१०१ डीबीएम असतो, त्यात रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजचे पाच-सहा डीबी मिळवले की -९५ च्या आसपास येतो. म्हणजे शांत जागी, २० मेगाहर्ट्झवर हा आकडा जवळपास बरोबर ठरतो. तुमच्या अभ्यासाच्या खोलीतली हवा शांत आहे का, हे मात्र तो सांगू शकत नाही. त्यामुळे अँड्रॉइड ॲपमधला एसएनआर म्हणजे डीबीएमचाच आकडा वेगळ्या कपड्यांत, असं समजा. त्यातून नवीन माहिती काही मिळत नाही.

आता डीबीएमकडे येऊ. ही मोजपट्टी सरळ नाही, पटींची आहे. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. १० डीबी कमी झाले की ताकद एक दशांश होते, ३ डीबी कमी झाले की निम्मी. -६० डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटचा दहा लाखावा भाग, आणि वाय-फायला तेवढा भरपूर होतो. तुमच्या दोन खोल्यांतला फरक ९ डीबीचा आहे, म्हणजे अभ्यासाच्या खोलीत पोचणारी ताकद जवळजवळ आठपट. ऐकायला मोठं वाटतं, पण वाय-फायच्या हिशेबात ९ डीबी म्हणजे एखाददुसऱ्या भिंतीचा फरक. आणि -४५ च्या वर सिग्नल गेला तर लिंक आणखी सुधारते असंही नाही, कारण तिथे सगळ्यात वरचा वेग आधीच मिळालेला असतो.

या तुलनेत खरी गफलत आहे ती बँडची. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर एकाच नावाने बोलत असेल, तर ॲपमध्ये नाव तेच दिसतं, पण खाली फ्रिक्वेन्सी आणि बीएसएसआयडी, म्हणजे त्या बँडच्या रेडिओचा स्वतःचा पत्ता, वेगळे असतात. दोन्ही खोल्यांत उभं राहून तो बारीक अक्षरांतला भाग वाचा. 2412 ते 2484 मधला आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. 5180, 5240, 5745 असं काही दिसलं तर ५ गिगाहर्ट्झ. माझा अंदाज असा की अभ्यासाच्या खोलीत फोन 2437 वर, म्हणजे चॅनेल ६ वर आहे, आणि बाहेर 5180 वर, म्हणजे चॅनेल ३६ वर. तोच राउटर, तेच अंतर आणि तीच पाठवणारी ताकद असली तरी ५ गिगाहर्ट्झचा आकडा सुमारे ७ डीबीने कमी दिसतो, आणि मध्ये भिंत असेल तर आणखी कमी. म्हणून दोन बँडचे डीबीएम शेजारी ठेवून "हा जास्त, म्हणजे हा चांगला" असं ठरवता येत नाही. फोनची मात्र नेमकी हीच चूक बऱ्याचदा होते. ५ चा सिग्नल जरा खाली गेला की तो २.४ कडे उडी मारतो आणि तिथेच चिकटून बसतो.

तुमच्या आकड्यांत फ्रिक्वेन्सी नाही, त्यामुळे ही अटकळच आहे. दोन्हीकडे एकच बँड निघाला, तर पुढचा हिशेब थोडा बदलेल, पण तपासायची पद्धत तीच.

आता पट्टी हिरवी असूनही कॉल का अडकतो ते पाहू. सिग्नल आणि नॉइजमधल्या अंतरावरून इतकंच कळतं की राउटरचा आवाज स्पष्ट ऐकू येतो की नाही. त्या आवाजाला बोलायला जागा मिळते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. शेजाऱ्यांचे राउटर त्याच चॅनेलवर असतील तर तुमचा राउटर आणि फोन त्यांचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसतात. दुसऱ्या वाय-फायचा सिग्नल साधारण -८२ डीबीएम इतका क्षीण असला तरी तो ओळखू येतो आणि थांबावं लागतं. वाय-फाय नसलेल्या उपकरणाचा गोंगाट मात्र -६२ च्या वर गेल्याशिवाय कुणी थांबत नाही. त्याच्या खालचा गोंगाट थेट तुमच्या पॅकेटवर पडतो आणि पॅकेट खराब होतं. म्हणजे शेजाऱ्याचं वाय-फाय हे नॉइजच्या आकड्यात फारसं दिसतच नाही. ते दिसतं वाट पाहण्यात. सर्फिंगला ही वाट जाणवत नाही, फाइल जरा सावकाश उतरते इतकंच. व्हिडिओ कॉलला मात्र दर काही मिलिसेकंदांनी पॅकेट वेळेवर हवं असतं. ते उशिरा आलं तर न आल्यासारखंच.

हे मोजायचं कसं? फोनवरून नीट मोजता येत नाही, एखादा लॅपटॉप घ्या. मॅक असेल तर ऑप्शन की दाबून धरून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. RSSI म्हणजे सिग्नल, Noise म्हणजे नॉइज आणि Tx Rate म्हणजे पाठवण्याचा वेग, असे तीन आकडे समोर येतात, आणि इथला नॉइज चिपने स्वतः दिलेला असतो. विंडोजमध्ये बहुतेकदा टक्केच मिळतात, त्यातून नॉइज कळत नाही. लिनक्सवर सगळ्यात जास्त माहिती मिळते:

```
iw dev wlan0 link
iw dev wlan0 survey dump
```

wlan0 च्या जागी तुमच्या कार्डाचं नाव टाका. पहिल्या कमांडमधून सिग्नल आणि दोन्ही दिशांचे वेग मिळतात. दुसरीत [in use] असं लिहिलेला भाग शोधा, तो तुमचा चालू चॅनेल. त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या:

```
noise:                  -88 dBm
channel active time:    60000 ms
channel busy time:      46800 ms
```

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. active म्हणजे कार्ड जितका वेळ हा चॅनेल ऐकत होतं तो, आणि busy म्हणजे त्यातला जितका वेळ चॅनेल कुणीतरी अडवलेला होता तो. इथे दोन गोष्टी सांभाळा. बऱ्याच कार्डांवर हे मीटर सुरुवातीपासून चढत जातात, म्हणून एकदा कमांड चालवा, मिनिटभर थांबा, परत चालवा आणि दोन्हींचा फरक घ्या. आणि त्या मिनिटात घरातली आपली उपकरणं शांत ठेवा, नाहीतर स्वतःचीच वाहतूक busy मध्ये मोजली जाईल. काही ड्रायव्हर यातल्या ओळी देतच नाहीत, तेव्हा हा मार्ग बंद. मग खाली सांगितलेल्या पिंगवर भागवा.

समजा, मिनिटभराच्या फरकात वरचेच आकडे आले. सिग्नल -५८, नॉइज -८८, म्हणजे एसएनआर ३०. ॲपच्या ३७ पेक्षा सात डीबी कमी, तरी ३० हा उत्तम एसएनआर आहे. दोन अँटेनांच्या लिंकला २.४ गिगाहर्ट्झवर, २० मेगाहर्ट्झमध्ये, १४४ एमबीपीएसचा नाममात्र वेग यात मिळतो. मग अडचण कुठे? ६० सेकंदांतले ४६.८ सेकंद हवा भरलेली आहे, म्हणजे ७८ टक्के. उरलेल्या २२ टक्क्यांत तुमच्या घरच्या सगळ्यांनी बोलायचं, आणि तेही शेजाऱ्यांशी रांगेत चुरस लावून. सरासरी वेग काढला तर कॉलपुरता येईलही, पण मधूनच एखादं पॅकेट शंभर-दोनशे मिलिसेकंद अडकून राहतं, आणि नेमका तिथेच तुमचा कॉल थबकतो.

लॅपटॉपवरून राउटरलाच पिंग लावली की हेच दिसतं. इंटरनेटवरच्या पत्त्याला लावू नका, तिथे वाय-फाय आणि बाहेरची लाइन यांची सरमिसळ होते. राउटरचा पत्ता बहुतेकदा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो. चांगल्या लिंकवर आकडे दोन ते पाच मिलिसेकंदांत खेळतात, क्वचित एखादा वर जातो. भरलेल्या चॅनेलवर ३, ४, ८०, ५, १६० असे उड्या मारत जातात. फोनवरून पिंग करून निष्कर्ष काढू नका, कारण बॅटरी वाचवायला फोन रेडिओ मध्ये-मध्ये झोपवतो आणि तेवढ्यानेही आकडे उडतात.

मग एसएनआर किती असला म्हणजे चालेल? सरळ ठोकताळा असा की १० डीबीच्या खाली लिंक टिकते, पण रडतखडत. १० ते २० मध्ये ब्राउझिंग होतं, कॉलवर भरवसा ठेवता येत नाही. २० च्या वर साधा डेटा व्यवस्थित चालतो आणि २५ च्या वर आवाज-व्हिडिओचे कॉल. व्हॉइससाठी आखणी करणारे लोक -६७ डीबीएम आणि २५ डीबी ही जोडी धरतात. तुमच्या बाहेरच्या खोलीतले -६७ त्या रेषेवर बरोबर बसतात, म्हणून तिथली पिवळी पट्टी पाहून घाबरायचं कारण नाही. सगळ्यात वरचे वेग हवे असतील तर ३० च्या पुढे लागतात. मात्र हे आकडे चॅनेल जितका रुंद तितके महाग होत जातात. रुंदी दुप्पट केली की नॉइज ३ डीबीने वाढतो, कारण रिसीव्हर दुप्पट हवा ऐकत असतो. २० वरून ८० मेगाहर्ट्झवर गेलात की ६ डीबी हातचे गेले. आणि ॲपने दाखवलेली ताकद ही राउटरच्या बीकनची, म्हणजे राउटर सतत देत असलेल्या स्वतःच्या हाकेची असते. बीकन २० मेगाहर्ट्झमध्ये, सगळ्यात सावकाश आणि टिकाऊ पद्धतीने जातं. तुमचा डेटा ८० मध्ये, नाजूक पद्धतीने जातो. म्हणजे ॲपमधला डीबीएम हा लिंकचा सगळ्यात गोड चेहरा, असं मी धरतो.

आता अभ्यासाच्या खोलीतला ५ गिगाहर्ट्झचा हिशेब करू. फोनला जबरदस्तीने ५ वर ठेवून मोजल्यावर समजा -७१ आलं. २० मेगाहर्ट्झच्या हिशेबाने नॉइज -९५ धरू, अंतर २४. चॅनेल ८० मेगाहर्ट्झ रुंद असेल तर त्यातून ६ वजा, खरं अंतर १८. या अंतरावर दोन अँटेनांची ८०२.११एसी लिंक २६० एमबीपीएसच्या आसपास तग धरते, वरच्या पायरीवर चढायचा प्रयत्न करते आणि पॅकेट हरवून परत खाली उतरते. तोच चॅनेल ४० मेगाहर्ट्झचा केला तर अंतर २१ होतं आणि वेग १८० ते २४० मध्ये स्थिर राहतो. कागदावर थोडा कमी, पण स्थिर. आणि कमी जागा घेतल्यामुळे शेजाऱ्यांशी अडथळाही कमी. कॉलसाठी मी ४० निवडेन. ५ गिगाहर्ट्झवर busy दहा-पंधरा टक्के असेल, तर -७१ वरचा हा लाल-पिवळा दिसणारा सिग्नल -५८ च्या हिरव्या सिग्नलपेक्षा कॉलसाठी कितीतरी बरा.

यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या, आणि अभ्यासाच्या खोलीतल्या उपकरणाला ५ चंच नाव जोडून द्या. २.४ ची जोडणी त्या उपकरणातून काढून टाका, म्हणजे मध्येच उडी मारणार नाही. घरात फक्त २.४ वर चालणारी उपकरणं असतील तर त्यांच्यासाठी तो बँड राहू द्या, पण रुंदी २० वरच ठेवा आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच निवडा. मधला ३ किंवा ८ निवडलात तर दोन्ही बाजूंचे लोक तुमच्यावर अर्धवट येऊन पडतात, आणि अर्धवट आलेलं बोलणं ओळखू येत नसल्याने त्याच्यासाठी कुणी थांबतही नाही.

मोजताना काही चुका नेहमी होतात. अँड्रॉइड ९ पासून ॲपला दोन मिनिटांत चारच स्कॅन करता येतात. त्यामुळे ॲपमधल्या आलेखात दिसणारा आकडा अर्ध्या मिनिटाइतका जुना असू शकतो. चालत चालत मोजलंत तर मागच्या खोलीचा आकडा पुढच्या खोलीवर लिहाल. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये Wi-Fi scan throttling नावाचं बटण असतं, ते मोजणीपुरतं बंद करा, नाहीतर प्रत्येक ठिकाणी मिनिटभर उभे राहा. फोन ज्या नेटवर्कला जोडलेला आहे त्याचा आकडा त्या मानाने ताजा असतो. एका जागी चारही दिशांना तोंड करून आकडे घ्या आणि त्यातला सगळ्यात वाईट लिहून ठेवा. हाताची पकड आणि स्वतःचं अंग मध्ये आलं की पाच-सहा डीबी सहज जातात, आणि कॉलवर असताना फोन तसाच हातात असतो. सगळी मोजणी एकाच फोनने करा. दोन फोन शेजारी ठेवले तरी त्यांचे डीबीएम पाच-सहाने वेगळे येतात, कारण या चिपा मोजमापाची उपकरणं म्हणून जुळवलेल्या नसतात. एक-दोन डीबीच्या फरकावरून काहीही ठरवू नका.

आणखी एक गोष्ट कुठलंच ॲप दाखवत नाही: हे सगळे आकडे राउटरकडून फोनकडे येणाऱ्या दिशेचे आहेत. फोनची बॅटरी आणि अँटेना लहान, त्यामुळे तो राउटरपेक्षा बऱ्याचदा हळू बोलतो. -७१ वर तुम्हाला राउटर ऐकू येतो, पण राउटरला तुम्ही पाच डीबी खालीच ऐकू येत असाल. समोरच्यांना तुमचं चित्र फुटतं आणि तुम्हाला त्यांचं नीट दिसतं, असं होत असेल तर हेच कारण असू शकतं. अँड्रॉइड १० पासून लिंक स्पीड दोन दिशांचे वेगळे मिळतात, काही ॲप ते Tx आणि Rx म्हणून दाखवतात: Tx म्हणजे फोनचं पाठवणं, Rx म्हणजे त्याचं ऐकणं. कॉल चालू ठेवून पाहा. Tx हा Rx च्या अर्ध्याहूनही खाली सतत राहत असेल, तर राउटरची ताकद वाढवून काही होणार नाही. उलट फोनला खोटी पट्टी दिसेल आणि तो दूरवरही चिकटून राहील. तिथे राउटर जवळ आणणं हाच उपाय.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी फ्रिक्वेन्सी वाचून बँड पक्का करा. मग लॅपटॉपने दोन्ही बँडवर busy आणि पिंग पाहा. मग ५ वर, ४० मेगाहर्ट्झवर, त्याच खुर्चीत बसून एक कॉल करा. तिथे सगळ्यात वाईट दिशेचा आकडा -७२ च्या वर राहिला तर प्रश्न बहुधा सुटलेला असेल. -७५ च्या खाली गेला तर आकड्यांशी झटापट थांबवा आणि दुसरा ॲक्सेस पॉइंट घ्या. तो अभ्यासाच्या खोलीतच बसवायचा असेल तर राउटरपासून तिथपर्यंत केबल ओढा. केबल शक्य नसेल तर तो मधल्या जागी ठेवा, जिथे ॲपवर राउटरचा ५ गिगाहर्ट्झ सिग्नल -६५ किंवा त्याहून चांगला दिसतो. कमकुवत खोलीत ठेवलेला रिपीटर तोच कमकुवत सिग्नल पुन्हा वाटत बसतो, आणि शिवाय प्रत्येक पॅकेट दोनदा पाठवून हवाही दुप्पट खातो.